बाहीला पडलेला पीळ

पडद्यावरची बाई ऊस धरायला डावा हात लांब करायची, बोटं उसाला टेकायची, आणि त्याच फ्रेमला तिच्या झंपरची बाही एकदम पिळवटायची. पुढं हात आखडताना कोपर खाली जायच्या ऐवजी वर यायचं. एवढंच. घाईत बघणाऱ्याला कळलंही नसतं, पण पुण्याच्या ज्या लोकांसाठी आम्ही फिल्म करत होतो त्यांना ते लगेच दिसलं.

आमचं ऑफिस बीडला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. ऑफिसचा मालक माझा शाळेतला दोस्त. ऊसतोड करणाऱ्या एका बाईवरची छोटी ॲनिमेशन फिल्म हातात होती आणि माझ्याकडे रिगचं काम होतं, म्हणजे पात्राच्या आत हाडं बसवायची आणि ती हलवायला बाहेरून कंट्रोलर द्यायचे. हाताच्या दोन पद्धती असतात. पहिलीत खांदा फिरवला की त्याच्या मागं कोपर, पंजा सगळं फिरतं. कोयत्याचा घाव घालायला ती बरी. तिला एफके म्हणतात. दुसरीत पंजा हवा तिथं ठेवायचा, खांदा आणि कोपर आपापले वळतात. हात उसाला धरून राहायचा असेल तर ही लागते. ती आयके. पण आयकेत कोपरानं कुठल्या अंगाला वळायचं हे सांगायला कोपरामागं थोड्या अंतरावर आणखी एक कंट्रोलर ठेवावा लागतो. एफकेला मी निळ्या कड्या केल्या होत्या, आयकेच्या पंजाला लाल ठोकळा, आणि कोपरामागच्याला पिवळा चौकोन तिरका करून दिला होता. त्याला सगळे शंकरपाळा म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

एका पद्धतीतून दुसरीत जाताना हात होता तिथंच दिसला पाहिजे. त्यासाठी मी एक बटण केलं होतं. दाबलं की ठोकळा पंजाच्या जागेवर, त्याच वळणात येऊन बसायचा, शंकरपाळा कोपराचा बाक बघून आपली जागा घ्यायचा, आणि मग पद्धत बदलायची.

तो शॉट करणारी मुलगी पालीची होती. आईबाप पूर्वी कारखान्याला जायचे, तिनं आईला ऊस तोडताना पाहिलं होतं. आई लांबूनच ऊस धरायची, म्हणून तिनं बाईचा हात अगदी सरळ करून उसाला लावला. पोज सुंदर होती. आणि माझं बटण तिथंच फसत होतं. खांदा, कोपर आणि मनगट एका रेषेत आले की बाक उरत नाही, मग शंकरपाळ्यानं दिशा काढायची कशावरून? बटण तरीही केसभर फरकावरून उत्तर काढायचं. कधी बरोबर निघायचं, कधी उलटं. मुलगी हातानं शंकरपाळा ओढून जागेवर आणायची, पण ऊस धरायची वेळ जरा पुढंमागं करायला सांगितली की पुन्हा बटण, पुन्हा पीळ.

पुण्याच्या लोकांसमोर कॉलवर मालकानं मला विचारलं, रिगमध्ये काही आहे का. मी म्हणालो, रिग ठीक आहे, पद्धत बदलायचा स्विच तिनं नीट लावला नसेल.

ती मागच्या खुर्चीवरून हळू बोलली. "सर, स्विच मी लागोपाठच्या दोन फ्रेमवर लावलाय. मधी सरकत न्हाई. बघा की एकदा."

मी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. स्विच हळूहळू बदलत राहिला तर हात चार-पाच फ्रेम वाहवत जातो. इथं एकाच फ्रेमला झटका होता, म्हणजे चूक तिच्या स्विचची नव्हती. हा फरक त्या खोलीत फक्त तिला आणि मला कळत होता.

मालकानं शॉट दुसऱ्या मुलाला दिला. पुण्याच्या लोकांसमोर तो कमी पडला होता, तो राग त्यानं भलतीकडं काढला. मुलीचा बाप तिला न्यायला मोटारसायकलवर आला तेव्हा त्याला जिन्यातच सांगितलं, पोरीचा हात अजून बसला नाही, राहू द्या घरी. मी वर दारात उभा होतो. ती माझ्या शेजारून गेली.

त्याच संध्याकाळी मी बटण दुरुस्त केलं. हात जवळजवळ सरळ असेल तर बाक शोधायचाच नाही. कोपराच्या हाडाचा वळायचा आस कायम ठरलेला असतो, त्यावरून दिशा घ्यायची. कोडच्या थोड्या ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी पीळ गेला, शॉट पास झाला, आणि मालक म्हणाला की त्या पोराचा हात चांगला आहे. मी चहा पीत होतो.

त्यानंतर मला बसवेना. खुर्चीवरून उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो. समोर कुणीही काही उचलायला हात लांब केला की माझी नजर त्याच्या बाहीवर. बायकोनं भाकरी पुढं केली तरी तिच्या कोपराकडं बघायचो. शेवटी मालकाला सगळं सांगितलं.

"गप बस बे," तो म्हणाला. "फिल्म गेली न्हवं? आता कशाला उकरतो?"

पोरीला परत बोलाव, मी म्हणालो. तो म्हणाला की बोलावतो, पण बापाला आता काय तोंड दाखवू. ते मी बघतो म्हणालो.

पालीत तिचे वडील कडबा तोडत होते. मी माझाच हात सरळ करून दाखवायला लागलो, कोपर, शंकरपाळा, बटण. त्यांनी थोडं ऐकलं आणि कोयता खाली ठेवला.

"सर, मला शंकरपाळं कळत न्हाई. पोरीचं चुकलतं का?"

"नाही. माझं चुकलं होतं."

"तुमाला तवा म्हाईत होतं?"

"तिचं चुकलं नाही हे माहीत होतं. माझं कुठं चुकलं ते संध्याकाळी कळलं."

"मंग कावून बोलला न्हाई?"

वाटेत मी याची बरीच उत्तरं जुळवली होती. ती सोडून दिली. "चारचौघात माझी चूक म्हणायला लाज वाटली. आणि तिच्यावर ढकललं तर कुणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"लई वंगाळ केलं तुमी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. बसा म्हणाले नाहीत. कोयता उचलून पुन्हा कडब्याला लागले.

मुलगी दारात उभी होती. "सोमवारी येते," ती म्हणाली. "पण त्या बटणात काय लिवलंय ते मला दाखवायचं. पुन्हा बिघडलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

सोमवारी ती आली. मालकानं मान हलवली. मी बटणाचा कोड तिच्या पडद्यावर उघडून दिला आणि बाजूला उभा राहिलो. ती बोट टेकवत सावकाश वाचत होती. मधेच थांबून तिनं बाईचा उजवा हात सरळ केला, बटण दाबलं. कोयता धरलेल्या हाताची बाही पिळवटली.

"ही दुरुस्ती डाव्यालाच हाय, सर. उजव्याला जुनंच राहिलंय."

मालकानं मान वर केली. ज्याला शॉट दिला होता तो मुलगाही वळला. कोणी काही विचारलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "रिग माझा चुकलाय. तेव्हाही माझाच चुकला होता, तिचा शॉट बरोबर होता."

खाली दुकानात हातोडी चालू होती. मुलीनं खुर्ची थोडी सरकवली, की-बोर्डसमोर माझ्यासाठी जागा केली, आणि मी उजव्या हाताच्या ओळी लिहायला बसलो. ती शेजारी बसून प्रत्येक ओळ बघत होती.