खोक्यावरची एक ओळ काढायची होती

गुरुवार, नऊ ऑक्टोबर. गुरुवारी वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून सकाळी नऊलाच मी आलेल्या मेल उरकायला बसले होते. शनिवार पेठेत दोन खोल्यांत माझं डिझाइनचं काम चालतं. लेबलं, खोकी, दुकानांच्या पाट्या, कधीमधी लग्नपत्रिका. दिवाळीच्या आधी मेलना उत्तरं देणं हेच निम्मं काम होऊन बसतं.

चौथी मेल मैत्रिणीची होती. ती मसाले आणि भाजणी करते. अठरा वर्षांपूर्वी तिने घरच्या स्वयंपाकघरात सुरुवात केली, तेव्हा पिशवीवर चिकटवायचं पहिलं लेबल मी केलं. मीही तेव्हा नवी होते. पुढे तिचं दुकान झालं, खोकी आली, दरवर्षी दिवाळीचं खास खोकं आलं. सगळं माझ्याकडेच. या वर्षी गणपती झाले तरी तिचा फोन नव्हता. मला वाटलं, कामात असेल.

मेल अशी होती: "अगं, दिवाळीच्या खोक्याचं चित्र जोडलंय. खालची 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ काढून तिथे हिंजवडीचा पत्ता टाक. तुझं दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी छपाईला द्यायचंय, रविवारी उद्घाटन आहे."

हिंजवडीला शाखा निघते आहे हे मला त्या मेलमधून कळलं. खोकं दुसऱ्या कुणी तरी केलं आहे, हे चित्र उघडल्यावर.

खोकं वाईट नव्हतं. काळी पार्श्वभूमी, खालच्या बाजूला भाजलेल्या धन्यांचा मोठा फोटो, आणि त्या धन्यांवरच पांढऱ्या अक्षरांत ती शाखेची ओळ. जुन्या खोक्यावरून ती जशीच्या तशी उचलली होती. नवी शाखा उघडणाऱ्या दुकानाच्या खोक्यावर शाखा नसल्याची प्रौढी. करणाऱ्याने वाचली नव्हती, तपासणाऱ्यानेही नाही. मला हसू आलं.

मग मी वर दुकानाच्या नावाकडे पाहिलं आणि हसू गेलं.

नावाची अक्षरं माझ्या हातची आहेत, ती संगणकात मिळत नाहीत. कागदावर काढून, मग यंत्रात घेऊन मी ती घडवली. तेव्हा दोन तऱ्हा केल्या होत्या. एकीत शिरोरेखा सरळ. दुसरीत शिरोरेखा म्हणजे एक लांब पळी, शेवटी तिचा खोलगट भाग. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पळी फोडणीला शोभते, नावाला नको." सरळ शिरोरेखा छापली गेली. पळी मी पुसली नाही. फाइलमध्ये तिचा थर नुसता बंद करून ठेवला. तो थर बंद असेपर्यंत छापलेल्या खोक्यावर, पाटीवर, कुठल्याही चित्रात पळी दिसणार नाही. ती पाहायला माझी मूळ फाइल उघडावी लागते, जिला आम्ही ओपन फाइल म्हणतो. आणि या नव्या खोक्यावर पळी होती.

ओपन फाइल मी कुणाला देत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या यंत्राची डिस्क गेली, फाइली दुसऱ्या प्रतीमुळे वाचल्या, तेव्हा मैत्रीण घाबरली होती. "तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? एक प्रत माझ्याकडे ठेव." मी पेनड्राइव्हवर प्रत दिली. "कुणाला देऊ नकोस," एवढं म्हटलं. ती म्हणाली, "वेडी आहेस का?"

चहा केला. प्यायले. मग उत्तर लिहायला घेतलं, कारण दुपारपर्यंत वीज गेली असती आणि तिचं काम खरोखरच अडलेलं होतं.

उत्तर असं लिहिलं:

"आपण पाठवलेलं चित्र सपाट केलेलं आहे, म्हणजे फोटो, रंग आणि अक्षरं यांचे वेगळे थर त्यात उरलेले नाहीत. त्यातली अक्षरं आता अक्षरं नाहीत. धन्यांच्या फोटोत मिसळून गेलेले ते पांढरे ठिपके आहेत. ओळ काढली तर तिच्याखाली धने असणार नाहीत, कारण तो भाग चित्रात कुठेच साठवलेला नाही. आजूबाजूचे धने बघून तो अंदाजाने भरावा लागेल. लांबून चालेल, हातात घेतलं की डाग दिसेल. शिवाय हे चित्र जेपीजी आहे. अशा चित्रात अक्षरांच्या कडेला आधीच बारीक धूळ असते. बदल करून पुन्हा जेपीजी केलं की ती वाढते. नवा पत्ता धारदार दिसेल, शेजारचा जुना मजकूर थोडा मऊ. दोन्ही एका हातचे वाटणार नाहीत.

पर्याय असे. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडून ओपन फाइल आणि वापरलेले फॉन्ट मागवावेत. त्यात हा बदल खरोखर दोन मिनिटांचा आहे आणि दर्जा तिळभर कमी होत नाही. ते शक्य नसेल तर खोक्याची ती बाजू मी नव्याने मांडू शकते. त्याला दोन दिवस लागतील, आजची छपाई हुकेल. आजच द्यायचं असेल तर चित्राला हात न लावता, त्या ओळीवर एक भरीव काळी पट्टी ठेवून तिच्यात पत्ता लिहीन आणि छपाईसाठी पीडीएफ देईन. पट्टी पट्टीसारखी दिसेल, पण स्वच्छ असेल. ओळ खोडून वर पत्ता लिहायचा असेल तर तेही करता येईल, पण तो फोनवर पाठवायच्या चित्रापुरता करावा. छापू नये, असं माझं मत आहे.

कोणता पर्याय हवा ते बारापर्यंत कळवावं."

पळीबद्दल एक शब्द नाही. मेल दोनदा वाचली, पाठवली.

सात मिनिटांत तिचा फोन.

"हे 'आपण' काय लावलंयस?"

"कामाची मेल आहे."

"अठरा वर्षांत कधी लिहिलं नव्हतंस."

"अठरा वर्षांत दुसऱ्याचं खोकंही दुरुस्तीला आलं नव्हतं."

तिकडे मागे मसाल्याचं यंत्र चालू होतं, त्याची घरघर ऐकू येत होती.

"अगं, मुलाच्या ओळखीची एजन्सी आहे. हिंजवडीच्या लोकांना जरा वेगळं लागतं. तुझं काम चांगलंच आहे, पण जरा..."

"जरा काय?"

"जरा पेठेतलं."

"मसाला कुठला आहे?"

उत्तराची वाट न पाहता मी विचारलं, "त्यांना माझी फाइल दिलीस?"

"तुला कोण म्हणालं?"

"पळी म्हणाली. सासूबाईंनी नको म्हटलेली. ती त्या फाइलशिवाय कुठेच नाही."

"मला काय माहीत आत काय काय असतं. नावाची अक्षरं मोठी करायला हवीत म्हणाले, म्हणून पेनड्राइव्ह दिला. त्यांना पळी आवडली. मलाही आवडली, खरं सांगू? तेव्हाही आवडली होती."

"मग तेव्हा सांगायचंस. आणि आता द्यायच्या आधी विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

म्हणजे माझं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने प्रश्न विचारला नव्हता. वर दुरुस्तीला ते माझ्याकडेच पाठवलं. लपवायचं असतं तर पाठवलं नसतं, असं कुणी म्हणेल. मला तेच जास्त लागलं. मला कळेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अठरा वर्षं माझं काम तिच्यासाठी चित्र होतं. त्याच्या आत काही असतं, कुणी तरी ते थराथराने रचलेलं असतं, याचा तिला पत्ताच नव्हता.

"त्यांच्याकडून ओपन फाइल मागव," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मागितली. देत नाहीत. आम्ही ओपन फाइल कुणाला देत नसतो म्हणाले."

"बरोबर करतात."

"टोमणे नंतर मार. आज काय करू ते सांग. रविवारी साडेतीनशे लोकांना बोलावलंय आणि खोक्यावर लिहिलंय शाखा नाही."

आवाज आता रडवेला होता. रविवारी तिची फजिती झाली असती हे खरं. ते बघायची मला इच्छा नव्हती. माझी अक्षरं असलेलं डाग पडलेलं खोकं लोकांच्या हातात जावं, अशीही नव्हती.

"पट्टी लाव म्हणशील तर लावते."

"ठिगळ दिसेल."

"दिसेल. आजच हवंय तर एवढंच होईल."

"लाव."

अकराला वीज गेली ती दोनला आली. अडीचला मी पट्टी केली. धन्यांच्या फोटोला समांतर, खोक्याच्या काळ्याशी मिळता काळा, पत्ता दोन ओळींत. वरचं चित्र जसं होतं तसंच ठेवलं, पळीसकट. पट्टी घातल्यावर ते आधीपेक्षा नीटनेटकं दिसत होतं, हे कबूल करायला हवं. चारला पीडीएफ गेली. तिचं उत्तर आलं: "तू आहेस म्हणून." खाली हात जोडलेलं चित्र.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची पाटी राहिली होती, ती करत बसले. मध्येच लक्षात आलं की पाटीच्या अक्षरांना मी नको तितकं जाड करत चालले आहे. सगळं परत घेतलं, पुन्हा केलं. घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वकिलाची नोटीस पाठव." मी म्हटलं, तिला नोटीस काय पाठवायची, तिच्या घरचा गोडा मसाला आत्ता तुझ्या आमटीत आहे. त्याने आमटी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठला कामाची खोली उघडली आणि तिच्या नावाचं फोल्डर एका नव्या पेनड्राइव्हवर घेतलं. अठरा वर्षांच्या सगळ्या ओपन फाइल, फॉन्ट, हाताने काढलेल्या अक्षरांचे स्कॅन. बंद ठेवलेले थरही तसेच राहू दिले. एका कागदावर यादी छापली आणि चालत तिच्या दुकानात गेले. ती स्वतः शटर वर करत होती.

"ये ना, चहा घे," ती म्हणाली.

"नको. हे तुझं सगळं. यापुढे जे करतील त्यांना दे. त्यांना माझ्याकडे काही मागायला लागणार नाही."

तिने पेनड्राइव्ह हातात घेतला, उलटा करून पाहिला. "आणि दिवाळीनंतरचं? लाडू-पिठाचं नवं लेबल?"

"तेही त्यांनाच दे."

"एवढ्या तेवढ्यावरून?"

मी यादीचा कागद आणि पेन गल्ल्यावर ठेवलं. "मिळालं म्हणून लिही."

तिने लिहिलं, सही केली. तारीख घातली नव्हती. ती घालून घेतली आणि कागद घेऊन निघाले.