साहेबांची दुपारची टेकडी

गल्लीत त्यांना सगळे साहेब म्हणत. हिशेबतपासणीच्या खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चालण्यातून ऑफिस गेलं नव्हतं. बायको त्यांना काहीच म्हणत नसे, तेवढाच तिचा निषेध. आणि त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर राहणारी थोरली बहीण, अख्ख्या गल्लीची ताई, त्यांना बाळ्या म्हणे. चारचौघांतसुद्धा.

साहेब संशयी माणूस. किराणा आला की वजन करून पाहत. गॅसवाला गेला की शेगडीपाशी वास घेत. अशा माणसाच्या छपरावर सोलर पॅनेल लागली आणि जिन्यातल्या इन्व्हर्टरची सगळी हालहवाल फोनवर दिसायला लागली, तेव्हा त्यांना निवृत्तीचा अर्थ सापडला. मेन बोर्डापाशी आणखी एक छोटा मीटर बसवला होता, त्यामुळे घरात किती वीज खर्च होते तेही दिसे. म्हणजे आता घरभर फिरायचीही गरज नव्हती.

मुलगी बाळंत झाली म्हणून साहेब आणि बायको तिच्या गावी राहायला गेले. बायको नातवाला मांडीवर घेऊन बसे, साहेब फोनला.

ॲपमध्ये दिवसभराच्या विजेची रेघ सकाळी चढायची आणि संध्याकाळी उतरायची, गुळगुळीत टेकडीसारखी. ती टेकडी साहेबांना फार आवडे. ढग आला की तिला खळगा पडे आणि साहेब लगेच ताईला फोन लावत.

"ताई, तिकडे आभाळ आलंय का?"

"तुला तिथं बसून दिसतंय ना? मग मला कशाला जिन्यातून वर पाठवतोस?"

"आणि आत्ता गीझर लावलास का?"

"लावला. आंघोळ करणार आहे. तेही दिसणार असेल तर फोन ठेव."

असं चाललं होतं. मग टेकडीला दुपारी खाचा पडायला लागल्या. ऐन उन्हात रेघ सरळ खाली शून्यावर यायची, थोड्या वेळाने परत चढायची, परत पडायची. लाल अक्षरांत सूचना यायची: ग्रिडचा व्होल्टेज जास्त, इन्व्हर्टर थांबला आहे.

साहेबांनी पॅनेल बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या गल्लीत आता बऱ्याच छपरांवर पॅनेल आहेत. दुपारी सगळे एकदमच वीज बाहेर ढकलतात, लाइनचा व्होल्टेज चढतो. दोनशे त्रेपन्नच्या वर गेला की आपला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तो बिघडलेला नाही, शहाणपणा करतोय. वीज कंपनीकडे तक्रार करा, ते ट्रान्सफॉर्मरवर बघतील."

हाताखालच्यांचा शहाणपणा साहेबांना नोकरीतही कधी सोसला नव्हता. "माझं छप्पर, माझं ऊन, आणि थांबणार कोण, तर मशीन?"

तक्रार त्यांनी केली नाही. तक्रारी घ्यायच्या असतात, करायच्या नसतात, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. त्याऐवजी त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक उत्साही मुलगा सांगत होता, की ही मर्यादा वाढवता येते, फक्त बसवणाऱ्याचं लॉगिन पाहिजे. मग साहेबांनी बसवणाऱ्याचा पिच्छा पुरवला. तो जेवत असताना फोन, शिडीवर असताना फोन. तोही काही कर्तव्याचा पुतळा नव्हता. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशीनना एकच पासवर्ड ठेवला होता, तोही स्वतःच्या दुकानाचं नाव. एका दुपारी वैतागून त्याने तो मेसेजमध्ये पाठवून दिला, आणि जेवायला बसला.

साहेब आत शिरले. व्होल्टेजच्या मर्यादेपाशी ॲपने इशारा दिला: ही सेटिंग वीज कंपनीच्या नियमांशी जुळली पाहिजे, अधिकृत माणसानेच बदलावी. खाली चौकोन होता, 'वाचले, मान्य आहे'. साहेबांनी टिचकी मारली. आयुष्यभर दुसऱ्यांना न वाचता सही केल्याबद्दल झापणाऱ्या माणसाने ही एक सही अशी केली. दोनशे त्रेपन्नचे दोनशे ऐंशी झाले.

दुसऱ्या दिवशी टेकडी अखंड. साहेबांनी ती जावयाला दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. मुलगी म्हणाली, "बाबा, बाळ आत्ता पहिल्यांदा हसलं, पाहिलंत का?" साहेब म्हणाले, "थांब, आत्ता शिखर येतंय."

इकडे ताईच्या घरात दुपारी दिवे लखलखत. पंखा एरवीपेक्षा जोरात फिरे. आधी एलईडीचा एक दिवा गेला, मग दुसरा. मग पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर.

"बाळ्या, इथं वस्तू जळतायत."

"इथे सगळं हिरवं दिसतंय, ताई. तुझे दिवेच जुने असतील."

"दिवे गेल्याच महिन्यात आणलेत. जुनी मी आहे."

"ॲप खोटं बोलत नाही."

"नसेल. पण ॲपला नाक नाही."

नाक म्हणण्याचं कारण लवकरच उघड झालं. फ्रिजच्या मागून जळका वास आला आणि फ्रिज गप्प झाला. त्याच वेळी पलीकडचा शिंपी शिलाई सोडून दारात आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडे लाइट नीट आहे का? माझा टीव्ही गेला." ताई जिन्यात गेली, इन्व्हर्टरशेजारचा भिंतीवरचा मोठा स्विच तिने खाली ओढला, आणि वर चिकटपट्टी लावली.

फोन लगेच आला. "ताई, ग्रिड नाही असं दाखवतंय. लाइट गेली का?"

"नाही. मी बंद केलं."

"कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या."

साहेबांनी ॲपमधलं 'सुरू करा' दाबलं. पुन्हा दाबलं. जावयाच्या फोनवरून दाबून पाहिलं. भिंतीवरचा स्विच हाताने बंद केला असला की फोनला काही करता येत नाही, हे त्यांना तिथे बसून कळायला संध्याकाळ झाली.

ताईने बसवणाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने मीटर लावला, स्विच थोडा वेळ चालू करून आकडा पाहिला. दोनशे पासष्ट, आणि चढतच होता. घाईघाईने त्याने तो बंद केला. मग ॲपमधली बदलांची नोंद उघडली आणि त्याचा चेहरा उतरला, कारण बदल त्याच्याच नावावर दिसत होता.

ताईने फोन स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, "पासवर्ड यांनी दिला." बसवणारा म्हणाला, "मर्यादा यांनी बदलली."

"दोघांचंही बरोबर आहे," ताई म्हणाली. "आता मला सांग, फोनवरून काय काय बदलता येतं, आणि त्यातलं काय कुलपात राहायला हवं?"

बसवणारा खाली मान घालून सांगत गेला. किती वीज झाली ते बघणं, बिघाडाची सूचना येणं, हे मालकाकडे खुशाल असावं. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा कुलपात. बाहेर किती वीज सोडायची, तेही कुलपात, कारण कंपनीची मंजुरी ठरावीकच असते. लाइन गेली की इन्व्हर्टरने थांबायचं, ही सेटिंग तर कोणीच छेडायची नाही. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला लाइन बंद वाटते आणि आपली वीज त्याच्या हातात जाते. दुरून चालू-बंद करणंही मालकाला देऊ नये, इथे कोण वायरीला हात लावून उभं आहे ते तिथून दिसत नाही.

"आणि पासवर्ड?"

"तो माझ्याकडे. प्रत्येक घराचा वेगळा."

"आत्ता बदल. माझ्यासमोर. दुकानाचं नाव नको."

त्याने मर्यादा जुन्या जागी आणली, पासवर्ड बदलला, आणि साहेबांच्या खात्याला फक्त बघण्याचा हक्क ठेवला. पलीकडे साहेबांनी ॲप उघडून एकेक बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मला काहीच करता येणार नाही?"

"बघता येईल," ताई म्हणाली. "नातवाकडेसुद्धा."

वीज कंपनीकडे तक्रार ताईनेच केली. माणसं आली, दुपारी लाइन मोजली, व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घेतला. खाचा जवळजवळ थांबल्या. साहेब परत आल्यावर शिंप्याला नवा टीव्ही त्यांना आणून द्यावा लागला. तो निवडायला ताई बरोबर गेली आणि तिने मोठा निवडला.

त्याच सुमारास गल्लीतल्या आणखी एका घरावर पॅनेल चढत होती. नवा मालक कौतुकाने विचारायला आला, की फोनवरून सेटिंगबिटिंग बदलता येते का.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि ऑफिसातल्या जुन्या आवाजात म्हणाले, "अनधिकृत माणसाने अशा गोष्टींना हात लावू नये. या गल्लीत एकाने लावला होता."

"कोणी?"

"त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही," साहेब म्हणाले.

खालच्या खिडकीतून ताईने त्यांना बाळ्या म्हणून हाक मारली.