बग्गीचा उजवा दिवा

बेळगावात खडेबाजारच्या एका बोळात प्रेमानंदचं जुन्या पितळी मालाचं दुकान आहे आणि तिथून अपमान न होता परत आलेलं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही. माणूस पिशवीतून काहीतरी पितळी काढतो, "आमच्या पणजोबांच्या देवळाचा कळस आहे हो," म्हणतो, आणि प्रेमानंद चष्म्यावरून त्याच्याकडे अशी नजर टाकतो की बिचाऱ्याला पणजोबांचीही लाज वाटावी.

"कळस? बैलगाडीच्या चाकाची टोपी हाय ही. आत बोट घाला. काळं लागलं न्हवं? ते वंगण. कळसाला कुणी वंगण लावतंय व्हय?"

एक बाई बैलाच्या शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या आणून, या राजवाड्याच्या दाराच्या मुठी आहेत, असं सांगायला लागल्या. "मग राजाचं दार बैलानं उघडलं आसंल," एवढंच तो म्हणाला आणि चहा मागवला. फक्त स्वतःसाठी.

तोंड फाटकं असलं तरी माणसाला कळत होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं पितळ ओतून त्याचे हात तयार झाले होते. जुना नग साच्याला धरून नवा ओतला, तर गार होताना पितळ आकसतं आणि नवा नग जुन्यापेक्षा केसभर लहान उतरतो. ते तो कॅलिपर न लावता सांगायचा. बग्गीचा दिवा आला की आधी खालची नळी उघडायचा. नळीत स्प्रिंग असते, मेणबत्ती जळेल तशी ती वर ढकलते. स्प्रिंगच्या वेढ्यांत जुनं मेण नसलं आणि वरच्या धुराड्यात काजळी नसली, की दिवा कधी रस्त्यावर गेलाच नाही. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण, म्हणजे आजकालचा स्क्रू, दिसली, की दिवा टेबलावरून खाली. अशा दिव्यांची शंभर वर्षांची कहाणी सांगणारे व्यापारी त्याला भामटे वाटत आणि ती ऐकणारे मूर्ख. बाकीच्यांचं त्याला काही वाटत नसे.

पण जगात ज्याचा खरा तिटकारा यावा असा माणूस त्याच्या लेखी एकच होता. त्याचा बाप, भरमा.

भरमा निपाणीजवळच्या गावात तवनाप्पा पाटलांची दमणी हाकायचा. दमणी म्हणजे बड्या घरची, छपराची बैलगाडी. तिला गोऱ्या साहेबाच्या बग्गीच्या दिव्यांची जोडी आहे, असं गावभर सांगितलं जायचं, पण दमणी वाड्याबाहेर क्वचितच निघे आणि पोरांना तिच्याजवळ फिरकू देत नसत. प्रेमानंद पंधरा वर्षांचा असताना त्यातला डावा दिवा भरमानं चोरला, असं तवनाप्पांनी चारचौघांत सांगितलं आणि त्याला हाकलून दिलं. गावात त्यांच्या घराला दिवेचोराचं घर म्हणू लागले. शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरं खुसखुसायची. प्रेमानंदनं शाळा सोडली, गाव सोडलं आणि पुन्हा तिकडं तोंड केलं नाही. पुढं आईबाप बेळगावात त्याच्याकडे आले, तरी तो बापाशी कामापुरतंच बोलायचा.

एकदा, फक्त एकदाच, म्हाताऱ्यानं विषय काढला होता. "प्रेमा, दिवा एकच हुता रं. दुसरा नव्हताच कधी."

तोवर प्रेमानंद दिव्यांतला तज्ज्ञ झाला होता. तो हसला. "बग्गीचे दिवे जोडीनंच येतात. एक डावा, एक उजवा. खोटं बोलायचं तर नीट तरी बोला." भरमा पुढं सहा वर्षं जगला, पण त्यानं पुन्हा दिव्याचं नाव काढलं नाही.

या फेब्रुवारीत दुकानापुढं मोठी गाडी थांबली. तवनाप्पांचा नातू वीरेंद्र. पोराचं, श्रेयांसचं लग्न होतं आणि वरात पणजोबांच्या दमणीतून काढायची होती. "एक दिवा आहे. दुसरा आजोबांच्या काळात चोरीला गेला. तसाच करून द्याल का, अण्णा?" प्रेमानंद कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रेमानंदनंही सांगितलं नाही. बापानं चोरलं तरी काय ते एकदा बघू, अशा खुनशी हौसेनं तो गाडीत बसला.

दमणी गोठ्याशेजारी उभी होती. दिवा बघताच त्याचे हात मऊ झाले, ते काही केल्या लपेना. दिवा अस्सल होता. समोरच्या आणि बाहेरच्या अंगाला कंगोरे घासलेली काच, गाडीकडच्या अंगाला बंद पत्रा, त्यावर रुप्याचा मुलामा, मागं बोटभर लाल भिंग. काच उजव्या हाताला, म्हणजे दिवा उजवा. नळीवर बर्मिंगहॅमचा ठसा होता, कंपनीचं नाव पुसून पुसून गेलेलं. शंभर-सव्वाशे वर्षांचा माल.

"डाव्याची खोबण बघतो," म्हणत तो पलीकडं गेला आणि तिथंच थबकला.

दमणीच्या दोन्ही फळ्यांना पितळी पट्टी ठोकलेली होती. पट्टीच्या टोकाला तीन ठिपक्यांचा ठसा होता. हुक्केरीच्या एका तांबटाची ही खूण त्यानं पन्नासदा पाहिली होती. उजवीकडं त्या तांबटानं दिव्याच्या खोबणीपुरती पट्टी सुबक कापली होती. डावीकडं पट्टी सलग. त्या जागेवरून सरळ गेलेली. हातानं घडवलेले चौकोनी खिळे ओळीनं बसलेले, एकही कधी उचकटलेला नाही. त्यानं खिशातल्या चाकूनं पट्टीच्या वर-खाली रंग खरवडला. एक थर, दुसरा, तिसरा, मग कोरं सागवान. भोक नाही, बुजवलेलं नाही, गंजाचा डाग नाही.

या गाडीला डावा दिवा बसलाच नव्हता.

सोप्यावर वीरेंद्रचे वडील धनपाल बसले होते. वय पंचाहत्तर, प्रकृती ठणठणीत. प्रेमानंदनं त्यांनाच विचारलं.

"एकच हुता की," धनपाल सहज म्हणाले. "कॅम्पातल्या लिलावात साहेबाच्या मोडक्या बग्गीचा उरलेला. आमच्या आप्पांनी मात्र जोडी घेतली म्हणून सगळीकडं सांगितलं. मग सोयरे बघायला आले आन् विचारलं, दुसरा कुठाय?"

"मग?"

"मग काय. गडी हुता की."

शब्द असे टाकले, जसं चिलटाला हाकलावं. प्रेमानंदला त्या माणसाची शिसारी आली. थोरली इस्टेट, वाडवडिलांचा मोठा डौल, आणि पाव्हण्यांपुढं फुशारकी उघडी पडू नये म्हणून एका माणसाच्या कपाळी चोरी डकवली! तीही नसलेल्या दिव्याची!

"तो गडी भरमा. मी त्याचा ल्योक."

"आसं व्हय," धनपाल म्हणाले. "चा घे."

वीरेंद्रचा चेहरा उतरला होता. "जुनं झालं आता, अण्णा. दिवा किती दिवसांत होईल?"

"व्हायचा न्हाय. ह्या गाडीला दुसरा दिवा मी लावला, तर माझ्याच हातानं बापाला पुन्हा चोर केल्यागत हाय. एक दिवा लावूनच वरात काढा. कुणी विचारलं दुसरा कुठाय, तर काय सांगणार?"

धनपाल पानाला चुना लावत राहिले. वीरेंद्रनं मोबाइल काढला. या दोघांकडून उत्तर मिळेल अशी आशा धरणाऱ्या स्वतःवरच प्रेमानंद चिडला आणि चालत बसथांब्यावर आला.

बसमध्ये निपाणी मागं पडलं तसा पाटलांचा राग ओसरला आणि खालचं उघडं पडलं. पाटील खोटारडे होते, ठीक. पण गावानं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला होता. प्रेमानंदनं तो ज्ञानाच्या जोरावर पक्का केला होता. दोनशे दिवे त्यानं नळी उघडून तपासले, मगच बोलला. बापाला मात्र न तपासताच निकाली काढलं.

घरी आई, कोंडाबाई, उन्हाला बसून शेंगा फोडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आई, दिवा एकच हुता."

"व्हय," ती म्हणाली. शेंगा फोडायची थांबली नाही.

"तुला ठाऊक हुतं?"

"त्यांनी सांगितलं हुतं मला. तुला बी सांगितलं हुतं."

"मग तू का न्हाय बोललीस मला?"

कोंडाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. रागानं नव्हे, रागवायचं वय तिचं केव्हाच सरलं होतं.

"म्हणाला आसतास, आई, तुला दिव्यांतलं काय कळतंय."

प्रेमानंदनं मूठभर शेंगा उचलल्या आणि फोडू लागला. तो तसंच म्हणाला असता.