नवरदेव उचलण्याची मुदत

माझ्या लग्नात वरमाला घालताना ज्या मित्राने मला कमरेला धरून वर उचललं होतं, त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता आणि वजनात शंभरीच्या आसपास घुटमळत होता. मला उचलणं त्याला सोपं गेलं असणार. तेव्हा माझं वजन माझ्या सुटापेक्षा फार जास्त नव्हतं. पण उचललं ते उचललंच. आता पाळी माझी होती, आणि हे त्याने साखरपुड्यातच सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"भावा, तिचा हार माझ्या गळ्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. ती माझ्याहून उंच आहे. सगळी मदार तुझ्यावर."

आमच्या संत तुकाराम नगरमधल्या आजोबांच्या पिढीने साध्या बौद्ध लग्नाचा आग्रह धरला होता. पांढरे कपडे, दोन हार, वंदना, मंगलगाथा, जेवण. त्या साधेपणाचा मला अभिमान आहे. पण हल्ली तो साधेपणा अर्ध्या तासात आटोपून घेतात, आणि मग धुराची मशीन सुरू होते. खरं लग्न झालं की व्हिडिओचं लग्न लागतं. त्यात हार पुन्हा घालायचे असतात, आणि नवरा-नवरी दोघांनाही उचलायचं असतं. या प्रकारावर मी बरंच वाईटसाईट बोललो आहे. तरीही मी जिम लावली. लोक तब्येतीसाठी लावतात, काही जण आरशासाठी. नवरदेव उचलता यावा म्हणून पैसे भरणारा बहुधा मी एकटाच.

दोन महिने नीट गेले. लग्नाला सहा आठवडे राहिले असताना, चाकणच्या चौकाअलीकडे, माझी बाईक कांद्यावरून घसरली. मार्केटला चाललेल्या टेम्पोतून एक पोतं फुटलं होतं आणि रस्त्यावर कांद्यांचा चिखल झाला होता. मी चालत्या माणसाच्या वेगाने पडलो. मागच्या कंपनी बसमधल्या लोकांनी ते सगळं सावकाश पाहिलं. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. पण पडतानासुद्धा मी हँडल सोडलं नाही, जणू ते कुणी पळवणार होतं. त्यामुळे हात टेकलाच नाही. सगळा भार उजव्या खांद्याच्या टोकावर आला.

हाडांच्या डॉक्टरांनी त्या टोकावर एक बोट ठेवलं, आणि मला माझ्या सगळ्या पूर्वजांची आठवण झाली. मग हात छातीवरून आडवा डाव्या खांद्याकडे न्यायला लावला. तो अर्ध्या वाटेवरून परत आला. एक्स-रे निघाला, तुलनेसाठी दुसऱ्या खांद्याचाही.

"खांदा निखळलेला नाही, फ्रॅक्चर नाही," डॉक्टर म्हणाले. "गळ्याखालचं आडवं हाड जिथे खांद्याच्या टोकाला भेटतं, तो सांधा मुरगळलाय. तिथला हाडं बांधून ठेवणारा एक पट्टा फाटलाय, खालचे ताणलेत. म्हणून हाडाचं टोक जरासं वर आलंय. याच्या सहा पायऱ्या असतात. तुमची दुसरी."

आयुष्यात दुसरा क्रमांक आला आणि घरी कुणी पेढे वाटले नाहीत.

"ऑपरेशन?"

"गरज नाही. आठ-दहा दिवस हात झोळीत. बर्फ, गोळ्या. त्या कुशीवर झोपायचं नाही. मग फिजिओकडे जायचं. हा उंचवटा मात्र थोडा राहील."

"आणि वजन कधी उचलू?"

"किती वजन?"

मी मित्राचं वजन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सोबत आलेली बायको म्हणाली, "डॉक्टर, तो नवरदेव आहे." त्यांनी चष्मा परत घातला.

कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. सदोष वाटणाऱ्या मालाला आम्ही पिवळं लेबल बांधतो, म्हणजे तपासणी होईपर्यंत तो कुणी हलवायचा नाही. मी झोळी घालून हजर झालो त्या दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्या झोळीला तसलं लेबल बांधलेलं निघालं. दोष या रकान्यात 'कांदा' लिहिलं होतं.

नवरदेव मात्र हसला नाही. तो रोज फोन करायचा. आधी खांद्याची चौकशी, आणि मग फार काळजीपूर्वक लग्नाची.

"दुखतंय का रे अजून?"

"हसलो की दुखतं."

"मग मी गंभीर बोलतो. सहाव्या आठवड्यात जमेल ना?"

फिजिओ ही पंचविशीतली मुलगी होती. हाताला लोंबकळत झोके द्यायला लावायची, भिंतीवर बोटांनी चढायला लावायची, आणि मग भिंतीला हात टेकवून सांधा न हलवता नुसता जोर लावायला सांगायची. भिंतीने कधी हार मानली नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं. हात डोक्यावर जायला लागला. आमच्या विभागात एवढं पुरतं. माल मापात बसला की पुढे पाठवायचा. कॅन्टीनजवळ पाण्याचा वीस लिटरचा जार होता. सहकारी म्हणाला, "राव, भार देऊन बघा. टेस्टिंग होऊन जाईल." मी उजव्या हाताने जार उचलला. जार वर आला. त्याबरोबर खांद्याच्या टोकातून अशी कळ गेली की मी तो अत्यंत आदराने खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी फिजिओला सांगावं लागलं, कारण हात परत अर्ध्यावर अडकत होता.

"तुमच्याकडे पेंट शॉप आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"रंग हाताला लागेनासा झाला की लगेच पार्ट घासता का?"

हे वाक्य मी स्वतः नव्या मुलांना ऐकवतो. मी नम्रपणे भिंतीकडे वळलो.

"दुखणं आधी जातं," ती म्हणाली, "ताकद नंतर येते, आणि पट्टा सगळ्यात शेवटी भरतो. आता आठवडाभर मागे चला. हात सगळ्या बाजूंनी न दुखता फिरला की रबरी पट्ट्या. सहाव्या आठवड्याच्या आसपास हलकी वजनं, कमरेखालची. जड वजन तीन महिन्यांच्या सुमाराला. डोक्यावरचं आणि बेंच प्रेस सगळ्यात शेवटी."

"लग्न सहाव्या आठवड्यात आहे."

"मग लग्नाला जा की," ती म्हणाली. "जेवा. नवरदेवाला हात लावू नका. तो लटकला की सगळा भार त्या सांध्याला खाली ओढणार."

मी मित्राला कळवलं. त्याने आधी खांद्याचीच चौकशी केली. मग म्हणाला, "ठीक आहे रे, खांदा महत्त्वाचा." त्याचं हे शहाणपण मला फार लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं. दुसरे मित्र होते, पण एकाची पाठ, एकाचा हर्निया. चाळिशीकडे झुकलेल्या मित्रमंडळात उचलण्यायोग्य लोक भरपूर आणि उचलणारे दुर्मीळ.

हळदीच्या दिवशी नवरीचा धाकटा भाऊ भेटला. मावळातल्या तालमीत वाढलेला. त्याने नवरदेवाच्या पोटाकडे बघून सरळ विचारलं, "दाजी, आमी ताईला खांद्यावर घेनार हाय. तुमाला उचलाय क्रेन सांगितली का न्हाई?"

सगळे हसले. नवरदेवही हसला, जरा उशिरा. आणि मला एकदम वाटलं, का नाही? अठरा वर्षं मी कंपनीत जड वस्तू उचलल्या जाताना बघतोय. त्यातली एकही माणसाने खांद्यावर घेतलेली नव्हती.

भोसरीत माझ्या मावसभावाची फॅब्रिकेशनची शेड आहे. तिथे चाकांचं, कैचीसारख्या पायांचं एक टेबल होतं. पायाने पंप मारला की ते वर जातं, दांडी ओढली की खाली येतं. क्षमता पाचशे किलो. नवरदेवाला हा आकडा सांगितल्यावर त्याचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा खुलला. त्याच्या वजनाला कुणी इतकं किरकोळ मानलं नव्हतं. टेबलावर 'माणसांनी चढू नये' अशी ठळक पाटी होती. मी, ज्याने पाट्या न वाचणाऱ्यांवर कित्येक भाषणं दिली, त्याच मी तिच्यावर गुलाबी साटीन अंथरलं. त्यातल्या त्यात नियम केला: गुडघ्याच्या वर न्यायचं नाही, चाकांना ब्रेक, दोन्ही बाजूंनी दोघे धरून.

लग्न लागलं. बौद्धाचार्यांनी शपथा दिल्या, हार शांतपणे गळ्यात पडले, आणि स्टेजवरून उतरता उतरता आचार्य म्हणाले, "आता तुमचं जे काय वर-खाली असेल ते उरका. जेवणं खोळंबलीत."

धूर सुटला. मेव्हण्याने बहिणीला खरोखरच खांद्यावर घेतलं. स्टेजपुढच्या मोकळ्या जागेत आम्ही साटीनचं टेबल ढकलत आणलं, नवरदेव वर चढला, आणि मी उजवा हात खिशात घालून उजव्या पायाने पंप मारायला लागलो. एकेका दाबाला नवरदेव दोन बोटं वर. इतक्या संथ गतीने कुणाची उन्नती होताना मी तरी पाहिली नव्हती. शेजारची मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. बायको ओरडली, "अहो, हात खिशातच ठेवा." नवरदेव वरून एखाद्या पुतळ्यासारखा हात उंचावून लोकांना शांत राहायला सांगत होता. लोक शांत राहण्याच्या परिस्थितीत नव्हते.

नवरीने दोनदा हार फेकला. दोन्हीदा तो त्याच्या छातीला लागून परत आला. तोवर मेव्हण्याचे पाय थरथरायला लागले होते. "ताई, उतर आता," तो म्हणाला. ती उतरली. टेबलाकडे, पंपाकडे आणि माझ्या खिशातल्या हाताकडे तिने नीट पाहिलं.

"ह्याची कपॅसिटी किती?"

"पाचशे."

"मग सरका जरा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि शालू सावरून वर चढली.

मी पंप मारत राहिलो. दोघंही एकाच उंचीने, हार हातात घेऊन, हसून हसून वाकडी होत वर चालली होती. हार नेमका कुणी कुणाला आधी घातला हे व्हिडिओतही दिसत नाही. कॅमेरावाला स्वतःच हलत होता.

फिजिओने तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि फक्त माझा उजवा हात कुठे आहे ते तपासलं. मग मला एक किलोचं डंबेल दिलं. जड वजनाची परवानगी मिळाली ती तीन महिने उलटल्यावर, तीही कमरेइतक्याच उंचीची. त्या रविवारी पुनावळ्याला मित्राच्या पार्किंगमध्ये मी त्याला मिठी मारली, गुडघे वाकवले आणि उचललं. लग्नाच्या जेवणावळींनी तो आणखी भरला होता. त्याचे बूट जमिनीपासून चार बोटं सुटले. खांदा गप्प होता. तो मात्र माझ्या कानाशी सारखा पुटपुटत होता, "अजून वर, भावा, अजून जरा," आणि वॉचमन आपली खुर्ची आमच्यापासून सुरक्षित अंतरावर नेत होता.