काळ्या पाषाणावर ताग

नाव : चांदसाहेब इमाम नदाफ. राहणार : सातारा, पेठ शनिवार. हुद्दा : ट्रेसर (हंगामी), शेतकी खाते. उंची : बेताची. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा कायमचा डाग. वर्तणूक : चांगली. स्वतःचे मत : आढळून आले नाही.

शेवटची नोंद हेडक्लार्कांनी गौरव म्हणून केली होती. खात्यात ट्रेसर म्हणजे समोरचा नकाशा कापडावर जसाच्या तसा उतरवणारा हात. हाताला मत असले की नकाशे बिघडतात. चांदसाहेबाला हे एकदा नोकरीच्या सुरुवातीला कळले होते. पाटणकडच्या एका नकाशात ओढा मध्येच तुटला होता. ओढा असा हवेत विरत नाही, म्हणून त्याने दोन टोके जोडून दिली. साहेबांनी त्याला बोलावून विचारले, "तुम्ही जाऊन बघितलात का ओढा?" तेव्हापासून चांदसाहेब तुटका ओढा तुटकाच उतरवी आणि रात्री शांत झोपे.

झोप शांत असली तरी नोकरी हंगामी होती. दर मार्चअखेर ती संपे आणि एप्रिलात पुन्हा उगवे. त्याची बायको मेहरुनबी म्हणे, "हंगामी म्हणून काय झालं? टोळधाडबी हंगामीच असती, पण तिला लोक वचकून असत्यात. तुमाला कोण इचारतंय?"

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात मात्र विचारायची वेळ आली. कडेगावच्या बाजाराला जोडून शेतकी प्रदर्शन भरणार होते. पुण्याच्या एका कचेरीत जमिनीच्या आणि दगडांच्या जातींचा एक जुना रंगीत तक्ता होता. पाटणच्या डोंगरापासून सांगलीच्या नदीकाठच्या मळीपर्यंत जमीन उभी कापून दाखवलेली, आणि भोवती माहितीच्या चौकटी. हा तक्ता भिंतीवरून उतरवायला मनाई होती. फोटो काढायला मनाई करायची राहून गेली होती. म्हणून फोटो काढला गेला, आणि पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा तो कागद चांदसाहेबाच्या टेबलावर आला.

साहेब म्हणाले, "याचा मोठा तुलना-तक्ता करा. प्रकार, गुणधर्म, उपयोग असे रकाने पाडा. शेतकऱ्याला आडव्या ओळीत वाचून कळलं पाहिजे की कुठली जमीन काय करते आणि तिचं काय करावं. कायम जागेसाठी वर एकच नाव पाठवायचं आहे. हा तक्ता बघूनच पाठवीन."

चांदसाहेब भिंग घेऊन बसला. फोटोत माहितीच्या पाच चौकटी होत्या, पण चौकटींना नावे नव्हती. त्यांना फक्त रंगीत काठ होते, आणि कुठल्या रंगाची कोणती जमीन याची सूची खाली कोपऱ्यात होती. फोटो अर्थातच काळापांढरा होता. सूचीतले पहिले दोन चौकोन काळेभोर, तिसरा करडा आणि शेवटचे दोन पांढरेफेक दिसत होते. वरच्या चौकटींचे काठही तसेच, दोन काळे, एक करडा, दोन पांढरे. चांदसाहेबाने पहिला काळा पहिल्या काळ्याला आणि पहिला पांढरा पहिल्या पांढऱ्याला लावला. हाताने याहून जास्त काय करावे?

काम मात्र देखणे केले. प्रत्येक चौकटीतला मजकूर सुटा करून पाणी, भेगा, खणायची मेहनत, पीक किंवा बांधकाम अशा एकाच क्रमाने मांडला, म्हणजे ओळीखाली ओळ ताडून बघता यावी. एका जागी मूळ तक्त्यावरच्या काचेची चकाकी येऊन शब्द पुसले होते. तिथे त्याने अंदाजाने काही भरले नाही. 'फोटोत दिसत नाही' असे लिहिले.

लिहिताना एकदोनदा त्याचा टाक अडखळला. तांबड्या जमिनीपुढे आले होते : पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगा पडतात, ज्वारी व कापसास उत्तम. काळ्या जमिनीपुढे : पाणी झरझर निचरते, डोंगरमाथ्याची, नाचणी व वरीस योग्य. खारवट चोपण जमिनीपुढे : सुरुंगाशिवाय फुटत नाही, पूल व इमारतींस उत्तम. आणि काळ्या पाषाणापुढे : ओला असता चिकट, वाळल्यावर वर पांढरा थर येतो, चर खणून पाणी काढावे व खतासाठी ताग पेरून गाडावा.

फक्त मुरूम आपल्या जागी होता.

चांदसाहेबाला तो ओढा आठवला. त्याने टाक शाईत बुडवला आणि पुढची ओळ घेतली. साहेबांनी तक्ता लांबून बघितला, अक्षराची तारीफ केली आणि खाली 'मंजूर' लिहून सही ठोकली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, बाजारादिवशीच, चांदसाहेब तक्ता घेऊन कडेगावला पोचला. मांडवात खिळे ठोकून तो टांगतो न टांगतो तोच चार माणसे जमली. त्यात तात्याबा नावाचे एक म्हातारे होते. त्यांनी नातवाकडून तक्ता मोठ्याने वाचून घेतला आणि डोळे मिटून कीर्तन ऐकावे तसा ऐकला.

"पुन्यांदा वाच रं. काळ्या पाषाणात काय पेरायचं?"

"ताग, आबा."

"आन् गाडायचा कशानं? सुरुंगानं?"

मांडवात हशा पिकला. दुसरा एकजण म्हणाला, "आवं मास्तर, आमच्या चोपणाचा पूल कवा बांधताय? चार एकर हाय. कृष्णामाईवर बसंल."

"आन् आमच्या काळ्या रानात नाचणी लावतो गड्या! मग बायकू मला घरात घील का, तेबी तक्त्यात लिवा!"

लोक दुखावले नव्हते, खूश होते. सरकार आपल्यासाठी इतकी करमणूक करते हे त्यांना नवीन होते. गोष्ट बाजारभर पसरली आणि दुसऱ्या गावची माणसेही तक्ता ऐकायला येऊ लागली. चांदसाहेबाला मात्र घाम फुटला. उद्या सकाळी साहेब येणार, हीच माणसे त्यांच्यासमोर हसणार, आणि कायम जागेसाठी जे एकच नाव जाणार ते त्याचे नसणार. चूक आहे हे त्याला दिसत होते. पण ती कशी झाली हे सांगता आल्याशिवाय मंजूर तक्त्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. साहेब विचारणार, 'तुम्ही जाऊन बघितलंत का?'

तो तोंड धुवायला आडाकडे निघाला. वाटेत सांगलीहून दर बाजाराला येणाऱ्या बिराप्पा फोटोवाल्याचा पडदा लागला. पडद्यावर राजवाडा आणि हंस रंगवलेले होते, आणि पडद्यापुढे रणकंदन चालू होते.

"माझा धनी जित्ता हाय!" बनुबाई नावाची एक बाई फोटो नाचवीत ओरडत होती. "ह्यो बघ, उभा हाय तुझ्याम्होरं! आन् तू मला रांडाव केलीस व्हय रं मुडद्या?"

तिचा नवरा कृष्णात पलटणीतून सुटीवर आलेला हवालदार होता. लढाईत जपान्यांना न भ्यालेला हा गडी आता जरा मागे सरकून उभा होता. "आगं, फोटुत तसंच येतंय," तो पुटपुटला.

"तुमी गप बसा!" ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुमीच सांगा वं, बाबा," म्हणत तिने फोटो चांदसाहेबाच्याच हातात दिला. "लाल कुकू लावलंवतं, चांगलं रुपायाएवढं. काळं केलं! आन् आस्मानी लुगडं नेसलेवते. पांढरंफेक केलं! सासू बघंल तर काय म्हनंल?"

चांदसाहेबाने फोटो बघितला. कपाळावर काजळासारखा गोल. लुगडे चुन्यासारखे. मग त्याने समोर बघितले. कपाळावर लालभडक कुंकू, अंगावर तेच आस्मानी लुगडे.

"बिराप्पा," तो हळूच म्हणाला, "हे असं नेहमी होतं?"

"काय करू, सायेब!" बिराप्पा रडकुंडीला आला होता. "फोटु उठतो त्या ह्या सवंग काचंला लाल दिसतच न्हाई. लाल तेवढं काळं घेती, आन् फिक्कट निळं पांढरं करती. त्या महागाच्या काचंला सगळं दिसतंय, पण त्या काचंचा फोटो परवडतोय का बाजारात?"

चांदसाहेब मोठ्याने हसला. खात्यात त्याला असे हसताना कोणी पाहिले नव्हते. बनुबाईला वाटले तो तिलाच हसतोय. ती त्याच्याकडे वळली, पण त्याने दोन्ही हात जोडले. "बाई, तुमच्या कुंकवानं माझी नोकरी वाचवली. हा फोटो उद्या सकाळपुरता द्या. आणि उद्या हेच लुगडं नेसून मांडवात या."

"का वं?"

"साहेबाला दाखवायला."

"मग येते की," बनुबाई एकदम थंड होऊन म्हणाली. "नथबी घालू का?"

दुपारभर मांडवात चांदसाहेब नवा कागद आखून बसला. पुण्याचा फोटोही असल्याच काचेवर काढलेला असणार. आता गणित सरळ होते. दोन काळ्यांपैकी एक खरा काळा आणि एक तांबडा. दोन पांढऱ्यांपैकी एक खरा पांढरा आणि एक निळा. रंगावरून काही ठरणार नव्हते, मजकुरावरून ठरणार होते. पाणी धरते नि भेगाळते ती काळी. निचरते नि डोंगरमाथ्यावर असते ती तांबडी. सुरुंगाने फुटतो तो पाषाण. पांढरा थर येतो ते चोपण. करडा मुरूम, रस्त्याला आणि जोत्याच्या भरावाला, जिथल्या तिथे. तात्याबांनी प्रत्येक ओळ डोळे मिटून ऐकली आणि लोकांना बांधावरून ढेकळे आणायला पिटाळले. तांबडी माती पाटणच्या एका भांडेवाल्याच्या गाडीच्या चाकातून खरवडून काढली. प्रत्येक ओळीखाली ज्याचा त्याचा नमुना मांडला. जिथे चकाकी होती तिथे चांदसाहेबाने पुन्हा लिहिले : 'फोटोत दिसत नाही.'

"आता कशाला? मी सांगतो की!" तात्याबा म्हणाले.

"तुम्ही सांगाल ते बरोबरच असेल, आबा. पण फोटोनं सांगितलेलं नाही."

सकाळी साहेब आले. नवा तक्ता बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मी मंजूर केला तो हा नाही."

चांदसाहेबाने त्यांच्या हातात बनुबाईचा फोटो दिला आणि बनुबाईला समोर उभी केली. ती नथ, कुंकू आणि आस्मानी लुगड्यासह नुसती झळकत होती. साहेबांनी फोटो बघितला, बाई बघितली. पुन्हा फोटो बघितला. मग पुण्याहून आलेला तो फोटो मागून घेतला आणि सूचीतल्या दोन काळ्या चौकोनांवर बोट ठेवले.

"म्हणजे यातला एक कुंकू आहे."

"होय साहेब. आणि पांढऱ्यातला एक लुगडं."

जुन्या तक्त्यावर त्यांची सही होती. ती त्यांना आता पुरती आठवली होती. तेवढ्यात मागून तात्याबांनी आवाज दिला, "सायेब, त्यो पैला तक्ताबी ऱ्हाऊ द्या. पोरं लय हसत्यात!" साहेबही हसले, आणि त्यांनी जुना तक्ता गुंडाळून आपल्या स्वतःच्या गाडीत ठेवायला सांगितला. जाताना त्यांनी बनुबाईला खात्याच्या वतीने नमस्कार केला. ती गोष्ट ती पुढे सासूला कैक वर्षे सांगत होती.

महिन्याभराने कायम नेमणुकीचा हुकूम आला. मेहरुनबीने तो शेजारच्या शाळामास्तरांकडून दोनदा वाचून घेतला आणि गल्लीत गूळ वाटला. हुकुमात म्हटले होते : 'सदर इसमाने मंजूर नमुन्यात आपल्या मर्जीने कोणताही फेरबदल न करता तक्ता तंतोतंत उतरविल्याबद्दल त्यास कायम करण्यात येत आहे.'

पाचपैकी चार ओळी त्याने बदलल्या होत्या.