सतरावी गल्ली

शिफ्ट सुरू होताच गोदामातल्या मावशीने स्कॅनरवर एक बॅच, म्हणजे रॅकवरून काढायच्या मालाची यादी, आपल्या नावावर घेतली. स्कॅनरने यादी चालण्याच्या वाटेप्रमाणे लावली आणि मावशी थबकली. पहिलीच होती सतरावी गल्ली. गेल्या आठवड्यात तिथला रॅक कोसळून तिची मैत्रीण जायबंदी झाली होती.

बॅच सोडली, तर ती रांगेत मागे उभ्या असलेल्या तिच्या सुनेला मिळणार.

“अहो आई, थांबलात का? बॅटरी उतरली की काय तुमची?” सून हसली.

“गप गं!”

मावशीने स्कॅनरवर वाट उलटी केली, सतरावी शेवटी. मग तिला सुचलं, शेवटी ढकलगाडी मालाने भरलेली असेल, रॅक पडला तर पळता येणार नाही. तिने वाट पुन्हा सुलटी केली आणि रिकामी गाडी ढकलली.