बाटली परत आणायला गेले त्याची गोष्ट

खोकल्याच्या औषधाची ती बाटली गल्लीत मीच आणली होती, हे आधी कबूल करते. डी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सुट्टीत घरी जाताना काहीतरी शिकल्याचा पुरावा न्यावा असं वाटायचं. सहा वर्षांच्या चुलतभावाला खोकला होता म्हणून धुळ्याहून लाल औषधाची एक बाटली घेऊन गेले. आठ दिवसांत तो बरा झाला. औषध न घेताही तो आठ दिवसांतच बरा झाला असता, पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि गल्लीला अजूनही मान्य नाही.

पुढे प्रशिक्षणासाठी धुळ्यातल्या एका मेडिकलमध्ये उभी राहू लागले. एक दिवस दुपारी बाराच्या सुमारास एक बाई आल्या. दहा महिन्यांच्या मुलीसाठी खोकल्याचं औषध हवं होतं. मी लगेच फळीकडे हात नेला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे शेठजी म्हणतात, त्यांनी हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारलं, "किती महिन्यांची?"

"दहा," मी म्हणाले.

"मग हात खाली घे."

बाईंना डॉक्टरांकडे पाठवल्यावर त्यांनी मला एक बाटली उलटी करून दाखवली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. "वाचलं नव्हतंस?"

वाचलं नव्हतं.

"सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो, आपणहून जातो. खोकला कफ बाहेर काढतो, तो दाबून काय मिळणार? लहान मुलांमध्ये या औषधांचा फायदा दिसत नाही, धोका मात्र असतो. गुंगी येते, छाती धडधडते, श्वास मंदावू शकतो. झाकणानं मोजलं की डोस सहज दुप्पट होतो. आणि एकाच बाटलीत तीन-तीन औषधं असतात. घरात तापाचं वेगळं चालू असलं तर तेच औषध दोनदा पोटात जातं."

"आणि... उघडून ठेवलेली, जुनी बाटली असेल तर?" मी हळूच विचारलं.

शेठजींनी आता मान वर केली. "कोणाच्या घरी आहे?"

मी आईला फोन लावला. बाटली घरी नव्हती. आई म्हणाली, "ती तर काकूले दिधी. काकूनी पुढे दिधी व्हयी. शेजारनी अक्कानी पोर माहेरी येल शे, तिना आठ महिनाना पोऱ्या खोकलस."

"आई, अक्काला सांग, देऊ नको म्हणावं."

"मन्हं कोन आयकस? शिकेल तू शे. तूच ये."

शेठजींनी सुट्टी दिली. नाकात टाकायच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबांची एक छोटी बाटली हातात ठेवली आणि म्हणाले, "रिकाम्या हाताने जाऊ नकोस. रिकाम्या हाताचं कोणी ऐकत नाही."

शिरपूरच्या बसने तासाभरात गावी पोहोचले. आधी काकूकडे गेले. बाटली तिथेही नव्हती. काकूने सविस्तर सांगितलं की बाटली चार घरं फिरली होती आणि मधे तिच्या शेळीला खोकला झाला तेव्हा शेळीलाही दोन झाकणं दिली होती.

"मग?"

"काही नही. दिनभर झोपेल व्हती. खोकला काही गया नही, पन शांत ऱ्हायनी."

मी धावतच अक्काच्या ओट्यावर गेले. अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या बाई. बाळ त्यांच्या मांडीवर, बाटली शेजारी, आणि झाकण भरलेलं. बाळाची आई दारात उभी होती. दोन बायका बघायला आल्या होत्या, कारण आमच्याकडे औषध पाजणं हा एकट्याने करायचा प्रकार नाही.

"अक्का, थांबा. ते देऊ नका."

"कसाले? तूच लई उनी व्हती ना?"

"हो, मीच घेऊन आले होते."

"मंग?"

"मला तेव्हा कळत नव्हतं."

"आते कळस?"

"थोडं थोडं कळतं."

बायका हसल्या. एक म्हणाली, "दोन वरीसनी फी थोडंथोडं कळाले गयी."

मी शेळीचं सांगितलं. जे पिऊन एवढी शेळी दिवसभर झोपली ते एवढ्याशा जीवाला काय करेल? दारातली आई पुढे आली आणि तिने झाकण अक्काच्या हातातून काढून घेतलं. अक्काला ते आवडलं नाही.

"बरं. मंग मध चाटाडू?"

"एक वर्षाच्या आत मध नाही. त्यानं मोठा आजार होऊ शकतो."

"कापूर-बाम छातीले?"

"एवढ्या लहान बाळाला नाही."

"उकयता पानीनी वाफ?"

"भाजेल."

"मंग तू काय देवाले उनी? नही, नही, नही?"

मी थेंबांची बाटली काढली. अक्कांनी विचारलं त्यात काय आहे. मी खरं सांगितलं, मिठाचं पाणी. "मीठ मन्हा घरमा शे," अक्का म्हणाल्या. घरी अंदाजाने कालवू नका, हे मोजून केलेलं आणि निर्जंतुक असतं, एवढं सांगताना माझी जीभ दोनदा अडखळली.

पण त्याआधी एक काम होतं. बाळाचा श्वास मोजायला हवा होता. पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. मी त्याचं झबलं वर केलं आणि मोबाईलमध्ये घड्याळ लावलं.

"काय मोजस?" अक्का. मी वीसवर होते. पुन्हा सुरू केलं.

"पोट मोजस का छाती?" दुसरी बाई. पुन्हा एकपासून.

तिसऱ्या वेळी बाळाच्या आईनेच सगळ्यांना गप्प केलं. बेचाळीस. या वयात पन्नास किंवा जास्त असते तर मी थेट दवाखाना म्हटलं असतं. बरगड्यांखाली खड्डा पडत नव्हता, ताप नव्हता, डोळे टक्क उघडे होते. दूध पितो का, विचारलं. "पेस, पन नाक चोंदस तर सोडी देस," ती म्हणाली.

मी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाकले. बाळाने गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा गळा काढला, आणि मग एक शिंक दिली, सगळी माझ्या ओढणीवर. आईने नाक पुसून त्याला जरा उभं धरलं आणि पदराखाली घेतलं. यावेळी त्याने सोडलं नाही. ओट्यावरच्या सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. मला वाटतं, तेवढा वेळ मी खरोखर फार्मसीची विद्यार्थिनी होते.

थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा, घरात चुलीचा आणि उदबत्तीचा धूर नको, श्वास जोरात चालला, दूध सोडलं, सुस्त पडला किंवा ओठ निळे दिसले तर वाट बघू नका, लगेच दवाखाना, हे मी बाळाच्या आईला तीनदा सांगितलं. खोकला आठ-दहा दिवस राहील, हेही सांगितलं. लाल बाटली मी पिशवीत टाकून शेठजींकडे परत नेली.

त्यानंतर अक्कांचा रोज दुकानात फोन. "अजून खोकलस." मी, "खोकू द्या, दूध पितो ना?" "पेस." असं सहा दिवस. शेठजी म्हणाले, हे गिऱ्हाईक काही घेत नाही, पण चुकत नाही.

सातव्या दिवशी अक्कांचा आवाज वेगळा होता. खोकला उतरला होता. मी विचारलं, थेंब कामाला आले ना?

"थेंब कसाना," अक्का म्हणाल्या. "काल मी नजर उतारी. तव्हयपासून बरा शे."

शेठजी वहीत बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. नजर उतरवताना बाळाच्या पोटात काहीही जात नाही, एवढा विचार करून मी फोन ठेवला.